गाभ्याचं मेकॅनिक शोधताना: चिंचोक्यांवरून सुचलेल्या एका खेळाची फोड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हौसेने बोर्डगेम बनवणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक एकाच जागी अडकलेले असतात: विषय सुचतो, पट काढून होतो, पत्ते छापून होतात, पण खेळायला बसल्यावर हा दुसऱ्याच कुठल्या तरी खेळासारखा वाटतो. म्हणून इथे एकच उदाहरण घेतलं आहे. ते अगदी पहिल्या नियमापासून, त्यामागच्या हिशेबासकट, शेवटपर्यंत नेलं आहे.

गाभ्याचं मेकॅनिक म्हणजे नेमकं काय? त्यात नवं काय असावं लागतं?

आपली पाळी आली की खेळाडू जे ठरवतो आणि त्या ठरवण्यामुळे पटावर जे बदलतं, ती जोडी म्हणजे गाभ्याचं मेकॅनिक. बाकीचं सगळं त्याच्याभोवती उभं राहतं. नवं असण्यासाठी प्रत्येक भाग नवा असावा लागत नाही. ज्या खेळांची नावं आज मेकॅनिकसाठी घेतली जातात, त्यांत बहुधा जुन्या खेळाची एकच गोष्ट हलवलेली दिसते.

‘मॅजिक: द गॅदरिंग’ 1993 साली आला. त्यात आपला पत्त्यांचा गठ्ठा घरी बसून तयार करायचा आणि मग खेळायला यायचं. डोनल्ड व्हॅक्कारिनो यांनी 2008 च्या ‘डोमिनियन’मध्ये ही घरची तयारीच खेळाच्या आत आणली. गठ्ठा बांधणं हाच खेळ झाला आणि त्यातून खेळांची एक आख्खी शाखा निघाली. आंत्वान बोझा यांच्या ‘हनाबी’त हातातले पत्ते उलटे धरायचे असतात: समोरच्यांना दिसतात, आपल्याला नाही. ऊवे रोझेनबर्ग यांच्या 2014 च्या ‘पॅचवर्क’मध्ये पाळी आळीपाळीने येत नाही, वेळेच्या पट्टीवर जो मागे असेल तोच खेळतो.

पहिल्यात कृतीची वेळ बदलली, दुसऱ्यात माहिती कोणाकडे असते ते, तिसऱ्यात पाळीचा क्रम. मी यात चौथी गोष्ट जोडेन: साधन कोणाच्या मालकीचं आहे. खालचं उदाहरण तिथूनच सुरू होतं.

सुरुवात कुठल्या खेळापासून करावी?

जो खेळ इतक्या वेळा खेळला आहे की त्याचे नियम आठवावे लागत नाहीत, तिथून. आपल्याकडे अनेकांसाठी तो चल्लस आठ असतो. पाच बाय पाच घरांचा पट खडूने जमिनीवर काढायचा आणि चिंचोके घासून, फोडून त्यांची एक बाजू पांढरी करायची. चार चिंचोके टाकले की जितके पांढरे पडतील तितकी घरं सोंगटी चालते. चारही पांढरे पडले तर चार आणि चारही काळे पडले तर आठ. नियम गावोगाव थोडे बदलतात, पण सांगाडा हाच.

या खेळात ठरवण्यासारखं काय आहे ते पाहा. दान पडून गेल्यावर कुठली सोंगटी चालवायची, इतकंच. दान टाकण्याच्या क्षणी खेळाडूच्या हातात काहीच नसतं. चार चिंचोक्यांचे सोळा प्रकार होतात. त्यांतल्या सहा प्रकारांत दोन पडतात, चारांत एक, चारांत तीन आणि एकेकात चार व आठ. हे गणित खेळाडूने पाठ केलं तरी त्याला वापरता येत नाही. म्हणजे इथे जागा रिकामी आहे: दान टाकण्यातच निर्णय आणता येईल का?

असा एका वाक्यातला प्रश्न हाती लागल्याशिवाय कात्री-पुठ्ठ्याला हात लावू नका. ‘मला शेतीवर खेळ करायचाय’ हा विषय झाला, त्यातून मेकॅनिक निघत नाही.

पहिली कल्पना: ‘किती चिंचोके टाकायचे ते खेळाडूनेच ठरवावं.’ एवढं पुरेल का?

ही कल्पना बहुतेकांना सुचते, म्हणून ती का पुरत नाही ते नीट पाहू. समजा एक सरळ वाट आहे, दोन भिडू आहेत आणि प्रत्येकाची एक सोंगटी. पाळी आल्यावर एक ते पाच कितीही चिंचोके टाकायचे. पांढरे पडतील तितकी घरं मी चालणार, काळे पडतील तितकी समोरचा. ऐकायला छान वाटतं, कारण एकाच दानात दोघांचाही वाटा आहे.

पण हिशेब करा. दोन टाकले तर सरासरीने एक माझा आणि एक त्याचा. चार टाकले तर दोन माझे, दोन त्याचे. कितीही टाकले तरी सरासरी फरक शून्यच. फक्त नशिबाचा झोका लहान किंवा मोठा होतो. त्यामुळे जो पुढे आहे तो एकच चिंचोका टाकून सावध राहील आणि मागचा पाचही टाकून झोका मोठा करेल. दोन-तीन डावांत दोघांनाही हे कळतं आणि त्यानंतर विचार करायला काही उरत नाही. खेळाडूला पर्याय दिलेत, पण कुठल्या परिस्थितीत कुठला घ्यायचा ते एका ओळीत लिहून देता येतं. असा निर्णय मेला असं समजा.

मग मालकी बदलली तर?

आता प्रत्येकाला स्वतःचे पाच चिंचोके द्या. आपल्यातले हवे तितके टाकायचे, निदान एक तरी. पांढरे पडले तितकं चालायचं आणि ते परत हातात घ्यायचे. काळे पडले ते समोरच्याला द्यायचे. एकूण दहा चिंचोके दोघांमध्ये फिरत राहतात.

यात दोन खोड्या आहेत आणि दोन्ही पहिल्या बैठकीतच दिसतात. एक, हातात धरून ठेवलेला चिंचोका काहीच देत नाही, त्यामुळे सगळेच्या सगळे टाकणं नेहमीच बरं. दुसरी खोडी जास्त वाईट. ज्याचं दान चांगलं पडतं तो पुढेही जातो आणि चिंचोकेही राखतो. मागे पडलेल्याचे चिंचोके पुढच्याकडे वाहत जातात. पाच-सहा दानांनंतर निकाल दिसायला लागतो आणि तरी उरलेला डाव खेळत बसावं लागतं.

दुसऱ्या खोडीवर उपाय म्हणून प्रवाह उलटा करा: चालायला लावणारे पांढरे चिंचोके समोरच्याला द्यायचे आणि काळे आपल्याकडे ठेवायचे. म्हणजे प्रत्येक पावलाची किंमत एक चिंचोका. पुढे गेलेल्याकडे चिंचोके कमी, मागच्याकडे जास्त. पुढे सुटलेल्याला आवर घालायला वेगळा नियम लागत नाही, वेगळे बक्षीस-दंडही लागत नाहीत. एका नियमाची दिशा फिरवून हे झालं, म्हणून मला ते आवडतं.

पहिली खोडी मात्र अजून तशीच आहे: सगळे टाकणंच बरं.

राखून ठेवण्याला किंमत कशी आणायची?

हातातले चिंचोके रखवालदार करा. नियम असा: पुढच्याची सोंगटी ओलांडायची असेल तर मागच्याचं दान त्या वेळी पुढच्याच्या हातात असलेल्या चिंचोक्यांपेक्षा मोठं हवं. नसेल तर त्याने पुढच्याच्या लगेच मागच्या घरात थांबायचं, पण पडलेले सगळे पांढरे चिंचोके तरीही द्यायचे.

आता टाकणं म्हणजे वेग आणि राखणं म्हणजे भिंत, आणि दोन्ही त्याच दहा चिंचोक्यांतून येतात. इथे पहिल्यांदा खेळाडू दान टाकण्याआधी थांबतो, समोरच्याच्या मुठीकडे बघतो आणि मोजतो.

हे एका पाळीपुरतं आकड्यांत दाखवाल का?

पहिलीच पाळी घेऊ. लाल आणि निळा, दोघेही सुरुवातीच्या घरात, प्रत्येकाकडे पाच चिंचोके. लाल आधी खेळतो.

लालने दोन टाकले आणि एक पांढरा पडला, असं समजा. लाल एक घर पुढे, त्याच्याकडे चार, निळ्याकडे सहा. ओलांडायला निळ्याला सहापैकी निदान पाच पांढरे हवेत. सहा चिंचोक्यांच्या 64 प्रकारांत असे सातच, म्हणजे सुमारे 11 टक्के. लाल निर्धास्त आहे, पण फारसा पुढे नाही.

आता लालने चार टाकले आणि दोन पांढरे पडले. लाल दोन घरं पुढे, हातात तीन, निळ्याकडे सात. निळ्याला सातपैकी चार किंवा जास्त हवेत. सात हा विषम आकडा, त्यामुळे पांढरे जास्त किंवा काळे जास्त यांची शक्यता सारखीच, बरोबर निम्मी. एकच घर जास्त चालल्याने धोका 11 वरून 50 टक्क्यांवर गेला.

आघाडी आणखी वाढवली तर काय होतं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तीन घरांच्या आघाडीला लालकडे दोन आणि निळ्याकडे आठ. ओलांडायला अंतरही कापायचं असल्याने चार हवेत, आणि ते सुमारे 64 टक्के वेळा पडतात. चार घरांच्या आघाडीला निळ्याकडे नऊ आणि पाच हवेत, पुन्हा 50 टक्के. पाच घरांना निळ्याकडे दहाही चिंचोके आणि सहा हवेत, म्हणजे जवळपास 38 टक्के.

थोडक्यात, लहान आघाडीला मूठ वाचवते, मोठ्या आघाडीला अंतर वाचवतं आणि मधली आघाडी सगळ्यात उघडी पडते. हा डोंगर नियमात कुठेही लिहिलेला नाही, तो तीन साध्या नियमांतून आपोआप उभा राहिला. अर्थात पाच घरांच्या आघाडीला लालची मूठ रिकामी असते आणि निळ्याने काही दिल्याशिवाय त्याला टाकताच येत नाही, त्यामुळे तो कडाही फुकट मिळत नाही.

अडवलेल्या दानाचे चिंचोके का द्यायचे? चाललं नाही तर देऊ नये, हे न्याय्य नाही का?

न्याय्य वाटतं, पण खेळ त्याने सपाट होतो. चाललेल्या प्रत्येक घरामागे एकच चिंचोका दिला तर लालची आघाडी आणि लालच्या हातातले चिंचोके यांची बेरीज कायम पाच राहते. आघाडी दोन असेल तर हातात तीनच असणार, मोजायची गरजच नाही. मग पट आणि मूठ एकच गोष्ट दोनदा सांगतात आणि वर सांगितलेल्या पाच आकड्यांचा तक्ता डावभर पुरतो.

अडवल्यावरही सगळे पांढरे द्यायचे असतील तर ही बेरीज मोडते. निळ्याने सात टाकले, तीन पडले आणि लाल दोन घरं पुढे आहे: निळा एकच घर चालतो पण तीन देतो. आता लाल एक घर पुढे आणि त्याच्याकडे तब्बल सहा, निळ्याकडे चार. फसलेल्या हल्ल्याने समोरची भिंत उंच केली. त्यामुळे निळ्यालाही ठरवावं लागतं: आत्ता सगळं पणाला लावू की दोन-तीनच टाकून मागे चिकटून राहू? मागच्या खेळाडूला निर्णय नसेल तर तुमचा खेळ अर्धाच झाला आहे.

शेवट कसा करायचा? जिंकण्याच्या जवळ आलं की सगळे भराभर टाकतात.

कारण शेवटी रखवालीची गरज संपते. ही खोड अनेक शर्यतींच्या खेळांत असते आणि जुन्या खेळांनी तिचा उपाय आधीच करून ठेवला आहे: शेवटच्या घरात नेमक्या दानानेच शिरायचं. आपल्या खेळात तो जास्तच चांगला बसतो, कारण इथे किती टाकायचे ते खेळाडू ठरवतो.

समजा दोन घरं उरली आहेत. दोन चिंचोके टाकले तर दोन्ही पांढरे पडायची शक्यता पावभाग. तीन टाकले तर आठांत तीन, म्हणजे 37.5 टक्के. चार टाकले तर सोळांत सहा, म्हणजे पुन्हा तेवढेच. पाच टाकले तर ती खाली येते. तीन आणि चार यांत जिंकण्याची शक्यता सारखी असली तरी चार टाकल्यावर दान जास्त पडून वाया जाण्याची शक्यता सोळांत पाच आहे, तीन टाकल्यावर आठांत एकच. दान जास्त पडलं तर सोंगटी जागेवर राहते आणि पांढरे सगळे समोरच्याला जातात. चांगल्या खेळाडूला हे दोन-चार डावांत हाताला समजतं, कागदावर मांडावं लागत नाही.

वाट 25 घरांची ठेवा. पाळीला सरासरी दोन घरं धरली तर प्रत्येकाच्या बारा-तेरा पाळ्या होतात आणि डाव लांबत नाही.

चिंचोके खरोखर निम्मे-निम्मे पडतात का?

प्रत्येक पडेलच असं नाही. फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, आणि घासताना वजन बदलतं. तपासायला पाच चिंचोके 40 वेळा टाका आणि एकूण पांढरे मोजा. दोनशेपैकी शंभरच्या आसपास हवेत. 86 ते 114 च्या बाहेर गेले तर बाजू झुकलेली आहे असं धरायला हरकत नाही.

या खेळात झुकाव फार नडत नाही, कारण तेच दहा चिंचोके दोघांच्या हातांतून फिरतात. पण वरचे आकडे बदलतात. कवड्या वापरल्यात तर आधी मोजून घ्या, त्यांचा आकार आणखी बेढब असतो.

खेळून बघताना नेमकं काय लिहून ठेवायचं?

एका कागदावर दोनच रकाने: पाळीच्या सुरुवातीला हातात किती होते आणि किती टाकले. ‘मजा आली का?’ हा प्रश्न मित्रांना विचारू नका, ते हो म्हणतात. डाव संपल्यावर रकाने वाचा. दोन्हींत सतत तोच आकडा असेल तर राखण्याला किंमत नाही. दुसऱ्या रकान्यात सतत एक असेल तर भिंत फार उंच आहे, दोघेही दबा धरून बसले आहेत आणि खेळ रेंगाळणार. सारख्याच परिस्थितीत दोन खेळाडूंनी वेगवेगळे आकडे टाकले असतील आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटत असेल, तर ते मेकॅनिक जपून ठेवा.

आधी एकट्याने दोन्ही बाजूंनी खेळा, त्याने नियमांतली भोकं कळतात. पण मूठ बघून अंदाज बांधण्याचा भाग दुसरा माणूस बसल्याशिवाय कळत नाही. आणि एका बैठकीत एकच नियम बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते समजणार नाही.

असं आधी कोणी केलेलं असेल तर?

शोधा. बोर्डगेमगीक या संकेतस्थळावर खेळ मेकॅनिकनुसार लावलेले आहेत. पण नाव शोधण्यापेक्षा आपला नियम एका वाक्यात लिहून त्यातला प्रत्येक तुकडा वेगळा शोधा: दानाचं साधन हात बदलतं, राखलेलं साधन अडवतं, चालण्याची किंमत साधनात. एखादा तुकडा नक्कीच सापडेल. तिन्ही एकत्र त्याच कामाला जुंपलेले सापडले तरच थांबा, आणि तो खेळ आधी खेळून बघा.

कायद्याचं थोडक्यात: भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्याच्या कलम 3(m) प्रमाणे खेळ खेळण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. नियमपुस्तिकेची भाषा आणि चित्रं यांना कॉपीराइट असतो, कल्पनेला नसतो. परदेशात विकणार असाल तर तिथलं वेगळं असू शकतं. ‘मॅजिक’शी संबंधित पेटंट अमेरिकेत 1997 साली दिलं गेलं होतं.

विषय कधी चढवायचा?

रकाने बोलायला लागले की. या खेळात जे पुढे नेतं ते सोडून द्यावं लागतं आणि जे राखलं ते रक्षण करतं. घाटातल्या दोन काफिल्यांची शर्यत त्याला शोभेल: शिधा खर्चून चालायचं, पहारेकरी राखून वाट अडवायची. पण विषयाला शोभावा म्हणून नवा नियम घालायचा मोह झाला तर आधी तो नियम विषयाशिवाय खेळून बघा.

तिघांना किंवा चौघांना खेळता येईल का?

आहे तसा नाही. पांढरे चिंचोके कोणाला द्यायचे हा प्रश्न दोघांत नसतो, तिघांत लगेच येतो. खेळाडूने निवडायचं ठेवलं तर दोघे मिळून तिसऱ्याला उपाशी ठेवतात. डावीकडच्याला द्यायचं ठरवलं तर निकाल बसायच्या जागेवर ठरायला लागतो. सगळ्यात मागे असलेल्याला देणं मला त्यातल्या त्यात बरं वाटतं, कारण प्रवाहाची दिशा तीच राहते. पण मग मधल्या खेळाडूकडे कोणीच चिंचोके पाठवत नाही आणि तो हळूहळू कोरडा पडतो. त्याला दर पाळीला एक चिंचोका मधल्या साठ्यातून द्यावा का, की तीन वेगळ्या वाटा काढाव्यात, हे खेळून बघण्यासारखं आहे. तोवर डब्यावर ‘दोन खेळाडू’ असंच छापा.

एखादी कल्पना कधी सोडून द्यायची?

प्रत्येक खोडीवर नवा नियम चिकटवावा लागत असेल तेव्हा. वरच्या उदाहरणात सुधारणा म्हणजे एक दिशा फिरवणं, एक अट घालणं आणि शेवटच्या घराचा एक जुना नियम उसना घेणं, इतकंच झालं. सगळे नियम पोस्टकार्डाच्या एका बाजूवर मावतात. ते मावेनासे झाले आणि तरीही दोन्ही रकाने सारखेच येत राहिले, तर चिंचोके डब्यात घाला आणि मूळ खेळाकडे परत जाऊन वेगळी गोष्ट हलवून बघा: माहिती, वेळ किंवा पाळीचा क्रम. मुठीत किती चिंचोके आहेत ते समोरच्याला दिसूच दिलं नाही तर काय होईल, हे मी अजून खेळून पाहिलेलं नाही.